शेततळ्याच्या खड्ड्याचा फोटो: काळ्या मातीपासून कातळापर्यंत, मोसंबी लावू की नको?

जिरायती
मंडळी, रान जालना तालुक्यात, नाल्यापासून साधारण दोनशे पावलांवर. चुलत्यांनी शेततळ्यासाठी जेसीबी लावला होता. खाली कातळ लागला म्हणून काम थांबलं, आणि खड्ड्याची उभी भिंत बघून मी फोटो काढला. खाली टाकतोय. शेजारी चुलते उभे आहेत, त्यावरून उंचीचा अंदाज यावा.

वरून खाली असं दिसतं: वीतभर भुरकट काळी माती. मग काळीभोर, घट्ट, आणि तिच्यात भेगा. त्याखाली पांढरे ठिपके सुरू होतात, हातभर तरी आहेत. मग पिवळसर मुरूम, त्याच्याखाली करड्या रंगाचा ठिसूळ दगड आणि त्यातही पांढरं पांढरं. तळाला काळा कातळ.

शेजारच्या दोन एकरांत मोसंबी लावायचा विचार आहे. आजवर तिथे कापूस आणि रब्बीला ज्वारी. शिवाय खड्ड्यातली माती वरच्या हलक्या तुकड्यावर पसरायची, असं चुलते म्हणतात. फोटोवरून कुणी सांगू शकेल का?

नाना_फवारणी
सरळ आहे भाऊ. पांढरं दिसतंय ते सगळं चुनखडी. एकरी दोन ट्रॉली जिप्सम टाका, चुनखडी मरते. वर शेणखत. मोसंबी बिनधास्त लावा, काळी जमीन सोन्यासारखी आहे.

पाणाड्या
करडा ठिसूळ दगड म्हणजे मांजऱ्या. मांजऱ्याला पाणी असतं! शेततळं कशाला, विहीर घ्या ना. तळाला एक आडवं बोअर मारलं तर अजून लागेल.

जिरायती
पाणाड्या, विहीर आहे हो, वरच्या बांधाला. प्रश्न मातीचा आहे.

ढेकूळ
फोटो मोठा करून पाहिला. माती तपासणीच्या खड्ड्यात उतरण्यात माझी अठ्ठावीस वर्षं गेली, त्यामुळे आधी थोडी कुरकुर ऐकून घ्या.

ही भिंत वाचण्यासारखी नाही अजून. जेसीबीच्या बकेटने ती लिंपली गेली आहे. काळी माती ओली असताना बकेट घासलं की शाडू थापल्यासारखा चकचकीत पापुद्रा बसतो आणि आतलं काहीच दिसत नाही. वरची माती घसरून खालच्या थरावर ओघळली आहे, त्यामुळे काळा थर आहे त्याहून जाड दिसतोय. चुलत्यांच्या खांद्याच्या रेषेत बघा, काळ्या मातीची जीभ खाली मुरमावर लोंबतेय. ती थर नाही, ओघळ आहे.

एक करा. खड्ड्यात उतरा (कड ढासळलेली नाही ना ते आधी बघा, भेगाळ मातीची कड दगा देते). दोन फूट रुंदीची एक पट्टी खुरप्याने वरून खाली सोला, बोटभर खोल. कापू नका. खुरप्याचं टोक घालून माती उचकटा, म्हणजे ढेकूळ आपल्या जोडावर तुटतं. मग वरच्या कडेला शून्य धरून टेप सोडा. फोटो सावलीत काढा, अर्धी पट्टी पाणी शिंपडून आणि अर्धी कोरडी. ओली काळी आणि कोरडी काळी यांत रंगाचा इतका फरक पडतो की लोक एका थराचे दोन करतात.

अंबडकरीण
ढेकूळ यांचं ऐकाच. आमच्याकडे अंबडला सासऱ्यांनी लावलेली मोसंबी पाचव्या वर्षापर्यंत बघत राहावी अशी होती. सहाव्या वर्षी शेंड्याची पानं पिवळी पडायला लागली. शिरा हिरव्या आणि मधलं पिवळं, जाळीदार. युरिया दिला, आणखी पिवळी. दुकानदाराने लोहाची पुडी दिली, जमिनीतून सोडली, काही उपयोग नाही. सातव्या वर्षी फांद्या वरून वाळत आल्या. नंतर खणून पाहिलं तर तीन फुटांवर चुन्याचा थर. तुमचा फोटो पाहून पोटात गोळा आला.

नाना_फवारणी
ताई, फवारणी करायची होती. जमिनीतून दिलेलं लोह लागत नाही.

ढेकूळ
हे मात्र नानांचं बरोबर. चुन्याच्या जमिनीत फेरस सल्फेट टाकलं की थोड्याच दिवसांत त्याचा गंज होतो आणि मुळाला ते उचलता येत नाही. साधं चिलेटही तिथे टिकत नाही, EDTA चं लोह सामू सातच्या आसपास गेला की सुटायला लागतं. EDDHA म्हणून जे मिळतं ते टिकतं, पण त्याची किंमत ऐकून शेतकरी पुडी परत ठेवतो. फवारणीने फक्त फवारलेली पानं हिरवी होतात, पुढची नवी पालवी पुन्हा पिवळी.

जिप्समचं मात्र नाना, चुकलं. जिप्सम म्हणजे कॅल्शियमच. चुना म्हणजेही कॅल्शियम. चोपण जमिनीत सोडियम हुसकायला जिप्सम कामाचं, चुनखडी त्याने मरत नाही.

मारायचीच म्हटली तर हिशेब बघा. एक एकर, एक फूट जाडीची माती धरली तर तिचं वजन १६ लाख किलोच्या आसपास भरतं. तिच्यात दहा टक्के चुना असेल तर झाले १६० टन. तो विरघळवायला गंधक लागेल साधारण ५० टन. एका एकराला, आणि तेही एकाच फुटासाठी. चुना काढता येत नाही. तो कुठे सुरू होतो ते ओळखायचं आणि झाडाला त्याच्यापासून लांब ठेवायचं, एवढंच आपल्या हातात.

जिरायती
रविवारी खड्ड्यात उतरलो. पट्टी सोलायला दोन तास गेले, वरचा पापुद्रा निघता निघत नव्हता. नवे फोटो टाकलेत. टेपने मोजलेलं असं:

० ते ८ इंच – भुरकट काळी, रवाळ, बोटांनी चुरगळते. मुळं भरपूर.
८ ते १२ इंच – चपट्या पोळ्यांसारखी, आडवी निघते. कापसाची जुनी सोटमुळं इथे आडवी वळलेली दिसली.
१ ते अडीच फूट – काळीभोर, मोठे कोनेरी ढेकळं. भेगांमध्ये वरची भुरकट माती भरलेली.
अडीच ते साडेतीन फूट – तपकिरी काळी, पांढरे खडे आणि पांढरी पूडही.
साडेतीन ते साडेपाच – पिवळसर मुरूम. काही गोटे कांद्यासारखे पापुद्र्या-पापुद्र्याने सुटतात.
साडेपाच ते साडेआठ – मांजऱ्या, त्यात पांढरे मणी.
त्याखाली कातळ, टिकाव लागत नाही.

पहिल्या फोटोत काळा थर मला साडेतीन फुटांपर्यंत वाटला होता. निघाला अडीचच.

एक विचारायचंय. काळ्याभोर ढेकळांच्या बाजू पॉलिश केल्यासारख्या चकचकीत आहेत, तिरप्या रेघाही आहेत. हेही बकेटचंच का?

ढेकूळ
आता कसं बोललात! हा फोटो वाचता येतो.

चकचकीत बाजूंचं: भिंतीच्या आत हात घालून एक अख्खं ढेकूळ काढा, जिथे बकेट पोचलंच नाही. ते हातांनी उकला. आतली बाजूही गुळगुळीत आणि तिरप्या रेघांची निघाली तर ती बकेटची करणी नाही. काळ्या मातीतली चिकणमाती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. उन्हाळ्यात वरची माती भेगेत पडते, पावसाळ्यात फुगायला जागा उरत नाही, मग ढेकळं एकमेकांवर घासत तिरपी सरकतात. त्या घासण्याची ती पॉलिश. भेगेत भुरकट माती भरलेली तुम्हीच पाहिलीत, त्याचाच हा पुढचा भाग.

पिकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की एक ते अडीच फुटांचा थर पाणी धरतो भरपूर, पण सोडतो नाखुशीने, आणि एकदा भिजून फुगला की त्यातून पाणी खाली जाणं जवळपास थांबतं. ज्वारीला हे वरदान. अशा मातीत फुटाला ढोबळमानाने ५० मिलिमीटर पाणी पिकाच्या कामाला येतं, म्हणजे अडीच फुटांत सव्वाशेच्या आसपास. रब्बी ज्वारी पावसाच्या ओलीवर उभी राहते ती याच साठ्यावर. तुमच्या चुलत्यांनी इतकी वर्षं तिथे ज्वारी केली ती उगाच नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने ज्वारीचे वाण मातीच्या खोलीप्रमाणे वेगवेगळे दिलेत तेही याचमुळे. हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, खोल काळीला फुले वसुधा.

मोसंबीचं वेगळं. तिच्या मुळांना हवा लागते. जुलै-ऑगस्टमध्ये आठ दिवस वाफसा आला नाही की बारीक मुळं कुजतात, आणि ते कळतं मात्र पुढच्या उन्हाळ्यात.

८ ते १२ इंचांची पोळी म्हणजे नांगराचा तळ. ट्रॅक्टर वर्षानुवर्षं एकाच खोलीवर फिरल्याने झालेली. मुळं आडवी वळलीत, आणखी पुरावा नको. ही दुरुस्त होते. एप्रिल-मेमध्ये रान पूर्ण कोरडं असताना सबसॉयलर फिरवा. ओलीत फिरवला तर माती फुटत नाही, नुसती चीर पडते आणि कडा लिंपल्या जातात.

कातळसडा
आमच्या रत्नागिरीत उलटं हो. वर जांभा कडक आणि खाली मऊ शेडी. आंब्याला आम्ही वरचा जांभा फोडून खड्डा करतो, मूळ खालच्या मऊ थरात गेलं की झाड सुटलं. तुम्हीही सुरुंग लावून कातळ फोडा ना, मुळं उतरतील.

ढेकूळ
कातळसडा, तुमच्याकडे पावसाने चुना कधीच धुऊन नेलाय, माती आंबट आहे. इथे पाऊस त्या मानाने कमी, त्यामुळे चुना पाण्याबरोबर दोन-अडीच फूट खाली उतरतो आणि पाणी सुकलं की तिथेच बसतो. तो पांढरा थर म्हणजे दरवर्षी ओल साधारण कुठवर पोचून थांबते त्याची खूण. जालन्यात कातळ फोडून मिळवायचं काय? अडचण साडेआठ फुटांवर नाही, अडीच फुटांवर आहे.

पाणाड्या
पण मांजऱ्यातले पांढरे मणी? तोही चुनाच ना?

ढेकूळ
हा चांगला प्रश्न विचारलात. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पुढे खनिजं भरली. कुठे कॅल्साइट असतं, ते चुन्याच्याच घरातलं. पण पुष्कळदा असतं झिओलाइट, आणि ते चुना नव्हे. डोळ्यांनी बघून दोन्ही पांढरीच. आम्ल टाकल्याशिवाय सांगू नये.

जिरायती, संडास साफ करायच्या द्रवाची बाटली घ्या, तिच्यावर हायड्रोक्लोरिक आम्ल लिहिलंय ते बघून. हातमोजे घाला. प्रत्येक थराच्या ढेकळावर दोन थेंब. नुसतं फसफसलं की नाही एवढं बघू नका. पांढऱ्या खड्यावर एक थेंब आणि खड्याशेजारच्या साध्या मातीवर एक. खडा फसफसला आणि माती गप्प राहिली तर तितकं भ्यायचं कारण नाही, टणक खडे मुळाला फारसे छळत नाहीत. माती स्वतःच फसफसली तर चुना पिठासारखा सगळीकडे मिसळलेला आहे. झाडाला पिवळं करतो तो हाच.

दुसरं, प्रत्येक थराचं सुकं, बोराएवढं ढेकूळ काचेच्या ग्लासात पाण्यात अलगद ठेवा. हलवू नका. ते फुटून पसरलं तर ठीक. पण त्याभोवती दुधासारखा ढग तरंगत राहिला तर माती चोपणाकडे झुकली आहे.

जिरायती
केलं.
पहिला फूट: आम्लाने बारीक बुडबुडे, कान लावला तर आवाज.
एक ते अडीच: थोडे जास्त.
अडीच ते साडेतीन: माती आणि खडा दोन्ही सोड्यासारखे उसळले. चुलते घाबरून मागे सरकले.
मुरूम: काही पापुद्र्यांच्या फटीत फसफस, मधे नाही.
मांजऱ्यातले मणी: सात तपासले, दोन फसफसले, पाच गप्प.
ग्लासात एकाही ढेकळाला ढग नाही. म्हणजे चोपण नाही ना?

प्रयोगशाळेचा कागदही आला. मी फुटाफुटाचे तीन नमुने दिले होते. सामू ८.१, ८.४, ८.६. मुक्त चुना ७, ११ आणि १९ टक्के.

ढेकूळ
ग्लासात पाणी कुठलं घेतलं?

जिरायती
बोअरचं. का?

ढेकूळ
मग तो प्रयोग बाद. बोअरच्या पाण्यातले क्षार मातीला धरून ठेवतात, ढग उठू देत नाहीत. आरओ फिल्टरचं घ्या, नाहीतर पावसाचं साठवलेलं. दुसऱ्या फुटाचं ढेकूळ मुद्दाम बघा.

जिरायती
घरच्या आरओ फिल्टरच्या पाण्यात केलं. दुसऱ्या फुटाच्या ढेकळाला तासाभराने पातळसा ढग आला. पहिल्याला नाही. फोटो टाकलाय, ग्लासामागे काळा कागद धरून.

नाना_फवारणी
बघा! जिप्सम लागणारच होतं. मी आधीच म्हणालो होतो.

ढेकूळ
नाना, जिंकलात अर्धे. ढग पातळ आहे, त्यावर ट्रॉली मोजू नये. त्या फुटाचा विनिमययोग्य सोडियम काढून घ्या, पंधरा टक्क्यांच्या वर गेला तर जिप्समचं बोलू. आणि बोअरचं पाणीही तपासा. त्यातच सोडियम आणि बायकार्बोनेट असेल तर ठिबकमधून रोज तेच ओतत राहणार, मग जिप्समही पुरणार नाही.

आता मोसंबी. सल्ल्यात साधारणपणे मुक्त चुना दहा टक्क्यांच्या आत असावा म्हणतात. तुमचा पहिला फूट बसतो, दुसरा काठावर, तिसरा बाहेर. मोसंबीची खाणारी मुळं बहुतेक वरच्या दोन फुटांत असतात, म्हणून मी थेट नाही म्हणणार नाही. पण लागवडीचा जो नेहमीचा शिरस्ता आहे, मीटर लांब, मीटर रुंद, मीटर खोल खड्डा, तो इथे घातक ठरेल. मीटरभर खाली गेलात की चुन्याचा थर फुटतो, ती माती वर येते, शेणखतात मिसळून परत झाडाच्या मुळाशीच जाते. शिवाय घट्ट काळ्या मातीतला मोकळा खड्डा म्हणजे बादली. पावसाचं पाणी आत जातं, बाजूने निघत नाही. अंबडकरीण, तुमच्या सासऱ्यांनी खड्डे किती खोल घेतले होते?

अंबडकरीण
कमरेइतके. आठवतंय, कारण मजुरांचा खोलीवरून वाद झाला होता, चार बोटं कमी भरले म्हणून सासऱ्यांनी पुन्हा खणायला लावले. खड्ड्याशेजारी पांढरट ढीग होते, तेच आत भरले. तेव्हा सगळे म्हणाले, पांढरी माती भुसभुशीत आहे, मुळं चांगली चालतील.

रोपं जंबेरीच्या खुंटावरची होती. त्याचाही संबंध आहे का?

ढेकूळ
आहे. जंबेरी चुन्याला लवकर बळी पडते, रंगपूर लिंबावरची कलमं जास्त सोसतात. सोसतात म्हणजे तग धरतात, चुना पचवतात असं नाही.

जिरायती, लावायचीच तर रंगपूरवरची रोपं घ्या, खड्डा दीड फुटावर थांबवा, वरच्या फुटातलीच माती ओढून दीड-दोन फूट उंचीचे, उताराला धरून गादीवाफे करा, म्हणजे दोन ओळींमधून पाणी निघून जाईल. त्याआधी पाण्याची परीक्षा घ्या. दोन फूट खोल भोक पाडा, रात्री भरून ठेवा, सकाळी पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चोवीस तासांनी तसंच उभं असेल तर मोसंबीचा विषय बंद करा.

आणि खड्ड्यातली माती. पसरायला चुलत्यांनी सुरुवात केली नसेल तर थांबवा. वरचा एक फूट वेगळा ढीग, तो हलक्या रानावर खुशाल पसरा. काळ्याभोर थराचाही पातळ हात चालेल, मात्र त्याचा सोडियम कळल्यावर. अडीच ते साडेतीनचा पांढरा थर मात्र बांधावर नाहीतर रस्त्यावर टाका. तो रानात गेला तर तिथल्या सोयाबीनची पानं पहिल्याच वर्षी पिवळी पडतील.

पाणाड्या
आणि शेततळं? मांजऱ्यापर्यंत खणलंय म्हणजे पाणी थांबणार नाही.

ढेकूळ
हे बरोबर. मुरूम आणि मांजऱ्या दोन्ही पाणी पितात. प्लास्टिक अस्तर लागणारच.

कातळसडा
एक शंका. तिसऱ्या फोटोत चुन्याच्या थराच्या तळाशी गोल गुळगुळीत गोट्यांची एक ओळ दिसते का? आमच्याकडे नदीकाठी असे असतात. कांद्यासारख्या सुटणाऱ्या गोट्यांसारखे नाहीत हे.

ढेकूळ
मला आधी दिसली नव्हती. मोठं करून पाहिलं, ओळ आहे खरी. कातळसडा, मानलं. गोटे वाहून घासलेले असतील तर वरची काळी माती खालच्या मुरमातून झालेलीच नाही, नाल्याने आणून टाकली आहे. मग एका खड्ड्यावरून दोन एकरांचा अंदाज धरता येणार नाही. नाल्याने टाकलेली माती वीस पावलांवर दीड फूटही असू शकते आणि पाच फूटही.

माझ्या मते गोटे घासलेले आहेत. पण फोटोत एकाच बाजूने दिसतात, पैजेवर सांगणार नाही. दोन-तीन काढून धुऊन फोडा. आतला गाभा आणि बाहेरची साल एकाच रंगाची, कडक निघाली तर वाहून आलेले. साल मऊ, गंजकट आणि पापुद्र्याची निघाली तर जागेवर कुजलेले.

नाना_फवारणी
मला तर अजून वाटतं मोसंबी येईल. माझ्या मेव्हण्याची आलीय याच पट्ट्यात.

अंबडकरीण
कितव्या वर्षात आहे?

नाना_फवारणी
चौथ्या.

जिरायती
चुलत्यांनी दहा ट्रॉली आधीच टाकल्यात हो वरच्या तुकड्यावर, कुठल्या थराच्या ते कुणालाच आठवत नाही. आज ढिगांवर आम्ल टाकत फिरलो, सहा ढीग उसळले. ते उद्या परत भरून रस्त्यावर टाकतोय, चुलते बोलत नाहीयेत माझ्याशी. रानात चार कोपऱ्यांत चार भोकं पाडलीत, रात्री पाणी भरलंय. गोटे तीन आणलेत घरी, हातोडा शेजाऱ्याकडे आहे. उद्या सकाळी सांगतो.